दवाखान्यातला मुलांचा कोपरा: पाच बाय चार फुटांत काय बसवायचं आणि काय नाही

दवाखान्यात मुलांसाठी कोपरा करायचा म्हटलं की पुण्यात बहुतेक जण तुळशीबागेत जाऊन पिशवीभर खेळणी घेऊन येतात. महिनाभरात त्यातली निम्मी हरवतात, काही मोडतात, आणि उरलेली डॉक्टरीणबाई एके दिवशी माळ्यावर टाकून देतात. खेळण्यांमध्ये दोष नसतो. ती घरासाठी किंवा बालवाडीसाठी केलेली असतात आणि दवाखान्यातली वाट पाहण्याची तऱ्हाच वेगळी असते.

इथे आलेल्या मुलाला कधी उठावं लागेल ते कुणालाच ठाऊक नसतं. कधी पाच मिनिटांत नंबर येतो, कधी पाऊण तास जातो. शेजारी बसलेलं मूल आजारी असण्याची शक्यता भरपूर. आणि कोपऱ्यावर लक्ष ठेवायला ताई-बाई कुणी नसते, काउंटरवरची मुलगी फोन, केसपेपर आणि पैसे यांतच गुंतलेली असते. म्हणून इथे चालणाऱ्या वस्तूला दोन अटी लागू होतात. ती अर्ध्यावर सोडून उठता आली पाहिजे आणि सफाईच्या मावशींना ती दोन मिनिटांत पुसता आली पाहिजे. या अटींत न बसणारं खेळणं कितीही सुंदर असलं तरी मी घेत नाही.

पुढे उदाहरणादाखल धनकवडीतला एक फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना घेतला आहे. चौदा बाय दहाची खोली, भिंतीला लागून बाकं, समोर काउंटर, डावीकडे तपासणीची खोली. संध्याकाळी ६ ते ९ ओपीडी, पंचवीस-तीस पेशंट, त्यांतली दहा-पंधरा मुलं. चपला दाराबाहेर काढायची पद्धत आहे, आणि हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. चपला बाहेर राहत असतील तरच मुलांना जमिनीवर बसवण्याचा विचार करावा.

जागा

आधी खोलीत प्रत्येक बाकावर बसून पाहा. जिथे बसवलेलं मूल प्रत्येक बाकावरून दिसतं, तो तुमचा कोपरा. दारालगतची जागा सोडा, कारण मूल रस्त्यावर पळतं आणि येणाऱ्या माणसाच्या पायात येतं. इंजेक्शनच्या खोलीशेजारची भिंतही सोडा. आतून रडणं ऐकू आलं की कोपऱ्यातली सगळी मुलं एकदम आईच्या मांडीवर जातात आणि तुमचं काम तिथेच संपतं. आमच्या उदाहरणात काउंटरच्या समोरची, खिडकीखालची पाच बाय चार फूट जागा मिळाली. खिडकी उघडी ठेवता येते हा वरचा फायदा.

जमिनीवर एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकटी टाकू नका. मुलं त्यांचे दातेरी काठ उचकटून चावतात, आणि खाली शिरलेलं पाणी तिथेच कुजतं. सतरंजी रोज धुतली जात नाही. सलग विनाइल शीटचा एकच तुकडा कडेने चिकटवून घेतला की ओल्या फडक्याने पुसता येतो. तेवढंही नको असेल तर फरशीवर रंगीत टेपने चौकोन आखा. मुलांना हद्द कळते, तेवढ्याने भागतं.

कोपऱ्याला लागून मोठ्यांसाठी एक बाक हवंच. ते नसेल तर आई मुलाला खाली सोडत नाही.

भिंतीवरचा फळा

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटी वस्तू नकोच, जे काही असेल ते भिंतीला पक्कं लावलेलं असावं. हरवत नाही, पळवलं जात नाही, पुसायला सोपं, आणि नंबर आला की सोडून जायला काही आवरावं लागत नाही.

बारा मिलिमीटर प्लायचा तीन फूट रुंद, दोन फूट उंच तुकडा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कापून घ्या. त्यावर फिकट रंगाचा साधा सनमायका लावा आणि कडांना पट्टी मारून कोपरे गोल करून घ्या. ऑइलपेंट टाळा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा २०१७ पासून ९० पीपीएम इतकी खाली आणली आहे, पण सुताराकडच्या जुन्या डब्यात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, आणि मुलं हा फळा चाटणार हे नक्की. त्याच कारणाने पितळी कड्यांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. पितळेत थोडं शिसं मिसळलेलं असू शकतं.

वस्तू बोहरी आळीत एका फेरीत मिळतात: सरकवायची कडी, दाराची साखळी, कपाटाचं फिरणारं चाक, आणि वायर न जोडलेलं विजेचं बटण. बटणावर मुलं सर्वांत जास्त रमतात. पण नुसतं बटण घ्या, शेजारी सॉकेटची भोकं असलेली प्लेट घेऊ नका. बोट घालायची सवय इथे लागली तर घरी महागात पडेल. साखळी वीस सेंटीमीटरपेक्षा लांब नको. कुलूप-किल्ली चांगली वाटते, पण किल्ली पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी खिशातून घरी जाते.

बिजागरीवर उघडणारी छोटी दारं करून त्यांमागे चित्रं लावली तर मुलं ती पुन्हा पुन्हा उघडतात. फक्त बिजागरीच्या बाजूची फट तपासा. ती एक तर पाच मिलिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे बोट शिरणारच नाही, किंवा बारापेक्षा जास्त, म्हणजे शिरलं तरी चेंगरणार नाही. मधली फट सर्वांत वाईट.

फळ्याची खालची कड जमिनीपासून एक फुटावर, म्हणजे वरची तीन फुटांवर येते. वर्षाचं उभं राहणारं मूल साधारण पंचाहत्तर सेंटीमीटरचं असतं, तीन वर्षांचं पंचाण्णवच्या आसपास. दोघांचे हात पोचतात, आणि बसलेल्यालाही खालची ओळ मिळते. विटांच्या भिंतीत सहा ठिकाणी प्लग आणि स्क्रू मारून घ्या. पार्टिशनची पोकळ भिंत असेल तर मागे लाकडी पट्टी घातल्याशिवाय लावू नका. लावून झाल्यावर वरची कड दोन्ही हातांनी धरून मोठ्या माणसाने अंगाचा भार टाकून ओढायचं. कारण मुलं लोंबकळणारच.

विकतची खेळणी कोपऱ्यात ठेवायचीच असतील तर दोन गोष्टी बघा. पहिली आयएसआय खूण, खेळण्यांवर ती १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. दुसरी, किचन टॉवेलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी. साधारण चार सेंटीमीटर व्यासाच्या या नळीतून जी वस्तू किंवा तिचा सुटू शकणारा भाग आरपार जातो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीचा साचा याहून थोडा अरुंद, ३.१७ सेंटीमीटरचा असतो, त्यामुळे नळीची परीक्षा जरा कडकच होते आणि ते बरंच आहे. बटण सेलवर चालणारं किंवा लोहचुंबक असलेलं काहीही आणू नका. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आणि मऊ खेळणी अजिबात नकोत. न्यूझीलंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या वेटिंग रूममधली खेळणी तपासून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मऊ खेळण्यांवर जंतू कडक खेळण्यांपेक्षा खूपच जास्त सापडले होते, आणि धुतल्यावरही ती लवकरच पुन्हा दूषित होत होती. पेशंटने प्रेमाने भेट दिलेलं टेडी काउंटरमागे उंच ठेवा, म्हणजे त्यांचं मन मोडत नाही आणि हातही लागत नाही.

हातात देऊन टाकायचा कागद

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी माझ्या मते सर्वांत चांगली वस्तू म्हणजे मुलाने घरी न्यायचा कागद. एकाने हाताळलेली वस्तू दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच येत नाही. नंबर आला की मूल कागद हातात धरूनच उठतं, त्याच्याकडून काही हिसकावून घ्यावं लागत नाही. कोपऱ्यातून उठताना होणारी रडारड बहुतेक वेळा या हिसकावण्यानेच होते.

ए-फोर कागदावर दोन चित्रं छापून मधून कापा. खडूच्या बारा कांड्या मधोमध मोडून त्यांचे चोवीस तुकडे होतात. कागदाचं वेष्टण सोलून प्रत्येक चित्रासोबत वेगळ्या रंगांचे दोन तुकडे छोट्या पाकिटात घाला. एका डब्यात बारा मुलांचं काम होतं, म्हणजे आमच्या दवाखान्यात एक डबा एक संध्याकाळ पुरतो. मेणाचे खडूच घ्या. फळ्यावरच्या खडूची धूळ दम्याच्या मुलांना नको, आणि पाटीवरची पेन्सिल तर आपल्याकडची मुलं सरळ खातात.

इथे एक अडचण आहे. खडूचा अर्धा तुकडा वरच्या नळीतून आरपार जातो. म्हणून ही पाकिटं कोपऱ्यात मोकळी ठेवायची नाहीत, काउंटरवर ठेवायची. केसपेपर काढताना ताईने मुलाचं वय विचारायचंच असतं, तीन किंवा त्याहून मोठं असेल तर पाकीट तिथेच द्यायचं. लहान भावंडं सोबत असतील तर आईला तेवढं सांगायचं. चित्रं आठवड्याने बदला, कारण ड्रेसिंगला किंवा दोन दिवसांनी दाखवायला आलेल्या मुलाला तेच चित्र पुन्हा मिळालं तर ते तोंड वाकडं करतं.

कोणती चित्रं? कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत बस न्यायचा चक्रव्यूह सगळ्यांना आवडतो. सहा-सात वर्षांपुढच्यांना ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ किंवा फुली-गोळ्याची घरं छापून दिली की आई-बाबाही खेळायला लागतात. शब्दांवर भर देऊ नका. पुण्यात एकाच बाकावर मराठी, हिंदी, कन्नड बोलणारी घरं शेजारी बसलेली असतात, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाला मराठी कोडं जमलं नाही तर ते गप्प बसून राहतं.

माझं आवडतं चित्र मात्र वेगळं आहे. मुलाच्या शरीराची साधी बाह्यरेषा, वर एवढंच: ‘कुठे दुखतंय तिथे रंग भर.’ मूल तो कागद घेऊन आत जातं, डॉक्टर आधी कागद बघतात आणि बोलणं तिथून सुरू होतं. परक्या माणसाने थेट पोटाला हात लावण्यापेक्षा हे मुलाला सोपं जातं. डॉक्टरांच्या टेबलावर एक चांदणीचा रबरी शिक्का ठेवा. शिक्का आत मिळणार आहे हे कळलं की मूल कोपरा सोडायला तयार असतं. या रंगावर निदान मात्र कुणी करू नये. चार वर्षांचं मूल कान दुखत असला तरी पोटच रंगवतं, हे डॉक्टरांना सांगायला नको.

नंबर पुकारण्याची पद्धतही थोडी बदलावी लागते. ताईने दोन नंबर आधी सांगायचं, ‘यांच्यानंतर तुम्ही, चित्र आवरा.’ एकदम नाव पुकारलं तर मूल अर्ध्या रेघेत अडकतं आणि आईची ओढाताण सुरू होते. टीव्ही लावून हे काम भागेल असं अनेकांना वाटतं. पण टीव्हीच्या आवाजात नंबर ऐकू येत नाही, आणि कार्टून संपायच्या आधी उठवलेलं मूल आत जाऊन तोंड उघडत नाही.

पुसायचं कसं

दवाखान्यात हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बहुधा असतंच. बाटलीवरचा टक्का वाचा. पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, दहा टक्क्यांचं असेल तर १० मिलिलिटर. दोन्हींतून ०.१ टक्क्याचं पाणी तयार होतं. हे रोज ताजं करायचं, कारण पातळ केलेल्या हायपोचा जोर उतरत जातो. कालचं पाणी पुसायला वापरलं तर वास येतो, काम होत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने फळा आणि विनाइल पुसायचं, कारण लाळ आणि चिकटा तसाच राहिला तर हायपो त्यातच खर्ची पडतं. मग हायपोचं फडकं, पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. शेवटी साध्या पाण्याचं फडकं. हे शेवटचं मावशी हमखास गाळतात. ते दोन कारणांसाठी हवं: मुलं तोंड लावतात, आणि हायपोने स्टीललाही गंज चढतो. कड्यांच्या स्क्रूभोवती तपकिरी डाग दिसू लागले की तिसरं फडकं फिरत नाहीये असं समजा.

मावशींना हातमोजे द्या आणि एक गोष्ट सक्तीने सांगा: संडास धुवायच्या ॲसिडची बादली आणि हायपोची बादली कधीही एक करायची नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. बादल्यांचे रंगच वेगळे ठेवा.

ओपीडी सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा हे सगळं करायचं. मध्ये साडेसातच्या सुमाराला साबणाचं आणि मग साध्या पाण्याचं फडकं पुरतं. कुणी उलटी केली तर मात्र कोपरा तेवढ्यापुरता बंद करून पूर्ण क्रम.

नुसत्या सॅनिटायझरच्या फवाऱ्यावर भागवू नका. पावसाळ्यात पुण्यात हात-पाय-तोंडाच्या आजाराची मुलं येऊ लागतात. त्याच्या विषाणूवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो, हायपोचा होतो. त्या दिवसांत मी फळ्यावर सरळ कापड टाकायला सांगतो आणि फक्त कागद-खडू चालू ठेवतो. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल आलं तर त्याला कोपऱ्यातच काय, बाकावरही बसवू नये, थेट आत घ्यावं. गोवराचा विषाणू मूल निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, तिथे कोणतंही फडकं कामाचं नाही.

नीट चाललंय की नाही

पंधरा दिवसांनी एका गर्दीच्या संध्याकाळी अर्धा तास बाकावर बसून बघा. कोपऱ्यात मुलं असूनही बहुतेकांच्या हातात आईचा फोन असेल तर चित्रं जुनी झाली आहेत किंवा पाकिटं देणंच बंद पडलंय. दुसरं जास्त वेळा घडतं. गर्दीत काउंटरवरच्या ताईला ते एक जास्तीचं काम वाटतं. पाकिटं आठवड्याची एकदम भरून ठेवली आणि केसपेपरच्या गठ्ठ्याशेजारीच ठेवली तर हात आपोआप जातो. मुलं पळापळ करत असतील तर मधली जागा फार मोकळी आहे, तिथे एक बाक आडवं सरकवा. भिंतीवर रेघोट्या दिसल्या तर कुणालाही न रागावता त्या उंचीवर सनमायकाची पट्टी लावून टाका, मेणाचा खडू तिच्यावरून पुसला जातो. मोठ्या मुलांची रांग फळ्यापाशी लागून छोटी मागे उभी राहत असतील तर मोठ्यांना देण्यासारखं काही नाही असा अर्थ. त्यांचा कागद जास्त अवघड करा.

सरकारी कार्यालयात हेच जसंच्या तसं चालत नाही

आधार केंद्रात मुलं पाच आणि पंधरा वर्षांची झाली की बोटांचे ठसे अद्ययावत करायला स्वतःच यावी लागतात. दुय्यम निबंधकांकडे आई-वडिलांबरोबर ताटकळतात. पण तिथे चपला बाहेर निघत नाहीत, पाकीट देणारी ताई नसते, आणि सफाई कंत्राटावर असते. म्हणून जमीन विसरा, सुट्या वस्तू विसरा, खडूही विसरा. उरते ती भिंत.

तिथे मी एकच मोठं चित्र लावायचा सल्ला देतो, तीन बाय दोन फूट. विषय गजबजलेला घ्या, उदाहरणार्थ मंडईतली सकाळ. चित्र असं काढून घ्यायचं की एकाच चित्रात तीन वयांची कामं निघतील. दोन-तीन वर्षांच्या मुलाला लाल गोष्टी शोधता याव्यात: टोमॅटो, छत्री, फुगा. पाच वर्षांच्याला मोजता यावं, म्हणून सात पोपट इकडेतिकडे लपवा, त्यांतला एक चौकटीच्या अगदी कडेला. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी चुका पेरा: घड्याळाला तेरा आकडे, एका मावशींच्या पायांत दोन वेगळ्या चपला, तराजूचं जड पारडं वर. काय शोधायचं ते लिहायचं नाही, खाली छोट्या चित्रांची पट्टी द्यायची. उत्तरं तर मुळीच छापू नका. ‘सातवा सापडला का?’ यावर अनोळखी मुलं एकमेकांशी बोलायला लागतात.

छपाईवर मॅट लॅमिनेशन करून घ्या, चकचकीत असेल तर ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होऊन निम्मं चित्र दिसत नाही. सरकारी इमारतींच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, त्यामुळे थेट भिंतीवर चिकटवलेलं स्टिकर सुटतं. सनबोर्डच्या कडा मुलं नखांनी कोरतात. ॲल्युमिनियमच्या एसीपी शीटवर चिकटवून, कडा आत वळवून, चारी बाजूंनी स्क्रू मारलेलं चित्र टिकतं. मध्य जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा, आणि जिन्याच्या तोंडाशी किंवा बाहेर पडायच्या वाटेत नको, कारण समोर मुलांचा घोळका उभा राहणार आहे.

परवानगी तोंडी घेऊ नका. कार्यालय प्रमुखांच्या नावे एका पानाचा अर्ज द्या: कुठली भिंत, किती माप, खर्च कुणाचा, खराब झाल्यास काढून कोण नेणार. सोबत भिंतीचा फोटो आणि चित्राची छोटी प्रत जोडा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. भेट म्हणून देत असाल तर डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करून घ्यायला सांगा. अधिकारी बदलले की नवे साहेब पहिल्याच आवराआवरीत विचारतात, हे कुणी लावलं. तेव्हा नोंद असेल तर चित्र भिंतीवर राहतं. चित्रावर देणगीदाराचं नाव किंवा जाहिरात मात्र टाकू नका. ‘सौजन्य’ म्हणून एक ओळ टाकायच्या हट्टापायी अर्ज टेबलावर पडून राहतो, आणि पुण्यात हा हट्ट बऱ्याच जणांना असतो.